फरक 87,230 रुपयांचा: व्याजाच्या नोटिशीला द्यायचे उत्तर

बँकेत ठेवलेल्या ठेवीवर व्याज किती मिळाले, हे आता ठेवीदाराच्या आधी आयकर खात्याला कळते. बँका, सहकारी बँका आणि टपाल खाते दरवर्षी 31 मेपर्यंत प्रत्येक पॅनवर किती व्याज दिले किंवा जमा केले याची माहिती खात्याकडे पाठवतात. ही माहिती वार्षिक माहिती विवरणपत्रात, म्हणजे सगळे जण ज्याला ‘एआयएस’ म्हणतात त्यात येऊन बसते. नोव्हेंबर 2021पासून हे विवरणपत्र प्रत्येक करदात्याला आयकराच्या संकेतस्थळावर स्वतःच्या खात्यात पाहता येते. त्याच सुमारास, डिसेंबर 2021मध्ये, ई-पडताळणी योजनाही आली. विवरणपत्रात एक आकडा आणि एआयएसमध्ये दुसरा असेल, तर या योजनेखाली कलम 133(6)ची नोटीस येते आणि फरकाचा खुलासा मागितला जातो. फेब्रुवारी 2024मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने 2021-22 आणि 2022-23 या वर्षांतल्या व्याज आणि लाभांशाच्या तफावती शोधून करदात्यांना कळवायला सुरुवात केली. तेव्हापासून कर सल्लागारांच्या कार्यालयात निवृत्त मंडळींची गर्दी वाढली.

अशा नोटिशीने घाबरगुंडी उडते. घाबरलेला माणूस दोन चुका हमखास करतो. तो नोटीस कपाटात ठेवून देतो, नाहीतर ‘सदर फरक मला मान्य नाही’ असे एका ओळीत कळवून मोकळा होतो. दुसरी चूक पहिलीपेक्षा महाग पडू शकते. कारण फरकाचा काही भाग खरोखरच राहून गेलेला असतो. सरसकट नाकारल्यावर तो भाग उघड झाला, की उरलेल्या खऱ्या खुलाशावरचाही विश्वास उडतो.

चांगले उत्तर कसे असते, हे एका प्रकरणातून पाहू. सांगलीच्या एका निवृत्त मुख्याध्यापिका घ्या. वय 66, निवृत्तिवेतन सुरू, घरात 88 वर्षांची आई. करप्रणाली जुनी, करपात्र उत्पन्न 6 लाखांच्या आसपास. प्रकरण नमुन्याचे आहे आणि आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत, पण त्यातली प्रत्येक गुंतागुंत रोजच्या व्यवहारातली आहे. बाईंनी आर्थिक वर्ष 2023-24चे विवरणपत्र जुलै 2024मध्ये वेळेत भरले आणि व्याज दाखवले 1,24,150 रुपये. 2025च्या मध्यात नोटीस आली: तुमच्या पॅनवर नोंदलेले व्याज 2,11,380 रुपये आहे, 87,230 रुपयांच्या फरकाचा खुलासा करा.

सर्वांत आधी नोटीस खरी आहे का, हे पाहायचे. ऑक्टोबर 2019पासून खात्याच्या पत्रावर दस्तऐवज ओळख क्रमांक, म्हणजे ‘डिन’, असतो. आयकराच्या संकेतस्थळावर `Authenticate Notice/Order Issued by ITD` या ठिकाणी, लॉगिन न करताही, तो घालून खात्री करता येते. ईमेलमधल्या दुव्यावर टिचकी मारून पैसे भरायला सांगणारे पत्र खात्याचे नसते. बाईंच्या नोटिशीचा क्रमांक जुळला.

मग एआयएस उघडायचे आणि ओळीनुसार वाचायचे. इथे पहिला गोंधळ होतो तो एकच व्याज दोनदा दिसण्याचा. बाईंच्या राष्ट्रीयीकृत बँकेने त्यांच्या मुदत ठेवींवरच्या 1,53,930 रुपये व्याजावर मुळातून करकपात, म्हणजे टीडीएस, केली होती. म्हणून ते व्याज कलम 194एच्या नोंदीत आले, आणि तेच व्याज बँकेने एसएफटी-016 या वार्षिक माहितीतही कळवले. पडद्यावर दोन्ही दिसतात. पण सोबतच्या गोषवाऱ्यात, म्हणजे ‘टीआयएस’मध्ये, अशा जुळणाऱ्या नोंदी सहसा एकदाच मोजलेल्या असतात. नोटिशीतली रक्कम कोणत्या नोंदींची बेरीज आहे, ते गोषवाऱ्याशी पडताळून घ्यावे. ओळी जशाच्या तशा बेरजेत घेतल्या तर फरक फुगतो आणि माणूस उगीच धसका घेतो.

बाईंच्या बाबतीत बेरीज अशी जुळली. राष्ट्रीयीकृत बँकेतल्या मुदत ठेवींचे 1,53,930 आणि तिथल्याच बचत खात्याचे 6,150. सहकारी बँकेतल्या एका मुदत ठेवीचे 42,000 आणि तिथल्या बचत खात्याचे 9,300. एकूण 2,11,380. त्यांनी विवरणपत्रात धरले होते ते राष्ट्रीयीकृत बँकेच्या दर तिमाहीला व्याज देणाऱ्या ठेवींचे 1,18,000 आणि तिथल्या बचत खात्याचे 6,150. म्हणजे तीन गोष्टी सुटल्या होत्या: त्याच बँकेतल्या एका वाढत्या ठेवीचे 35,930, सहकारी बँकेतल्या ठेवीचे 42,000 आणि बचतीचे 9,300. तिन्हींची बेरीज बरोबर 87,230. फरकातला रुपयान् रुपया असा मोजला गेला, की उत्तराचे निम्मे काम झाले. आता प्रत्येक तुकड्याला वेगळे उत्तर.

सर्वांत सोपा तुकडा 9,300चा. ते व्याज बाईंचे होते, पण सहकारी बँकेचे पासबुक त्यांनी मार्चनंतर भरून घेतले नव्हते. शिवाय बचत खात्याच्या व्याजावर बँक टीडीएस कापत नाही, म्हणून 26एएसमध्येही ते दिसले नाही. ‘टीडीएस कापला नाही म्हणजे कर नाही’ हा समज फार पसरलेला आहे. ज्येष्ठ नागरिकांना कलम 80टीटीबीखाली जुन्या प्रणालीत 50,000 रुपयांपर्यंतच्या व्याजाची वजावट मिळते खरी, पण बाईंच्या मुदत ठेवींनीच ती मर्यादा भरून टाकली होती. या तुकड्याचे उत्तर एकच: मान्य.

दुसरा तुकडा 42,000चा, आणि सगळ्यात जास्त कागद इथेच लागतात. सहकारी बँकेत 7 टक्क्यांनी ठेवलेले 6 लाख रुपये आईचे. तिची जुनी ठेव मार्च 2023मध्ये मुदत संपून परत आली होती आणि त्यातूनच ही नवी ठेव झाली. आईला बँकेत जाणे जमत नाही, म्हणून नवी ठेव करताना मुलीचे नाव पहिले आणि आईचे दुसरे लागले. दर तिमाहीला 10,500 रुपये व्याज आईच्या बचत खात्यात जमा होत होते आणि आईने स्वतःच्या विवरणपत्रात 42,000 दाखवलेही होते. पण संयुक्त ठेवीचे व्याज बँक पहिल्या नावाच्या पॅनवर कळवते. पैसे कुणाचे, हे बँकेच्या संगणकाला ठाऊक नसते. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत सोयीसाठी पहिले नाव मुलाचे, मुलीचे किंवा नवऱ्याचे लावलेले असते. तफावतीच्या नोटिशींचे हे एक मोठे कारण आहे.

कर लागतो तो ज्याचे पैसे त्याला. पण हे म्हणून भागत नाही, दाखवावे लागते. अधिकाऱ्याच्या जागी बसून पाहिले तर त्याची शंका रास्त वाटेल. आईचे वय 80च्या पुढे, जुन्या प्रणालीत तिला 5 लाखांपर्यंत कर नाही, मुलगी 20 टक्क्यांच्या टप्प्यात. कर वाचवण्यासाठी मुलीने आपले व्याज आईच्या नावावर ढकलले नाही कशावरून? म्हणून पुरावा पैशाच्या वाटेचा हवा. आईची जुनी ठेव मुदत संपून ज्या दिवशी तिच्या खात्यात आली, तिथून त्याच रकमेचा धनादेश नव्या ठेवीला गेला, हे दाखवणारे पासबुकाचे पान. तिमाही व्याज आईच्या खात्यात जमा झाल्याचे पान. ठेवीदारांची नावे आणि व्याजाचे खाते लिहिलेले बँकेचे पत्र. आणि आईच्या विवरणपत्राची पोचपावती व उत्पन्नाचा तक्ता. यातले पहिले पान सर्वांत मोलाचे. आईने उत्पन्न दाखवले, एवढ्याने पैसे आईचे ठरत नाहीत.

या ठेवीवर टीडीएस कापला गेला नव्हता. त्या वर्षी ज्येष्ठांसाठी मर्यादा एका बँकेत वर्षाला 50,000 रुपये व्याजाची होती. एप्रिल 2025पासून ती 1 लाख झाली. कापला गेला असता, तर प्रकरण थोडे अवघड झाले असते. कारण तो टीडीएस मुलीच्या पॅनवर जमा झाला असता. तो आईच्या नावे वळवण्यासाठी नियम 37बीएनुसार मुलीने बँकेला लेखी घोषणापत्र द्यावे लागते आणि ते बँकेने टीडीएस कळवण्याआधी द्यायचे असते.

तिसरा तुकडा 35,930चा. यात बाईंची बाजू वरवर पक्की दिसते आणि आत मात्र भगदाड आहे.

31 मार्च 2023 रोजी त्यांनी 5 लाख रुपये 7 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी ठेवले. व्याज हातात नाही, दर तिमाहीला मुद्दलात मिळत जाते आणि 2028मध्ये सगळे एकदम मिळायचे. पहिल्या वर्षाचे व्याज 35,930 झाले. बाईंचे म्हणणे असे की पैसे हातात आलेच नाहीत, मग उत्पन्न कसले? कायदाही त्यांना एवढी मोकळीक देतो. कलम 145नुसार इतर मार्गांनी मिळणारे उत्पन्न करदात्याने नियमितपणे पाळलेल्या पद्धतीने मोजायचे: एक तर हाती आल्यावर, नाहीतर वर्षागणिक जमत जाईल तसे. बँक मात्र दरवर्षी जमलेले व्याज कळवते आणि त्यावर टीडीएसही कापते. दोघे आपापल्या जागी बरोबर असूनही आकडे जुळत नाहीत.

भगदाड टीडीएसमध्ये होते. बँकेने 35,930वर 10 टक्क्यांनी 3,593 रुपये कापले होते. विवरणपत्र भरताना संकेतस्थळाने 26एएसमधला सगळा टीडीएस, 15,393 रुपये, आपोआप भरून दिला आणि बाईंनी तो तसाच ठेवला. म्हणजे व्याज पाच वर्षांनी दाखवणार, पण त्यावर कापलेला कर आजच परत मागितला. नियम 37बीए सांगतो की टीडीएसचा लाभ ज्या वर्षी ते उत्पन्न करासाठी धरले जाते त्याच वर्षी मिळतो. या स्थितीत ‘मी रोखीच्या पद्धतीने हिशेब ठेवते’ असे लिहिणे धोक्याचे, कारण त्यांचेच विवरणपत्र उलट साक्ष देते.

दोन वाटा उरतात. 3,593चा लाभ सोडून द्यायचा, तो पुढे न्यायचा आणि 2028मध्ये सगळे व्याज एकदम दाखवायचे. किंवा हे व्याज याच वर्षात धरायचे आणि पुढेही दरवर्षी तसेच दाखवत राहायचे. पहिल्या वाटेने गेल्यास 2028मध्ये एका वर्षात सुमारे 2 लाख 7 हजार रुपये उत्पन्नात येऊन पडतात, आणि उत्पन्न वरच्या टप्प्यात जाण्याची शक्यता असते. शिवाय पाच वर्षांचा टीडीएस जपून मागावा लागतो. दरवर्षी बँकेच्या आकड्याशी तफावत राहते ती वेगळीच. निवृत्त माणसाला दुसरी वाट परवडते. बाईंनीही तीच धरली. एकदा धरल्यावर मात्र पुढच्या वर्षी पुन्हा पद्धत बदलता येत नाही.

तेव्हा मान्य रक्कम झाली 35,930 अधिक 9,300, म्हणजे 45,230 रुपये. मूळ विवरणपत्र सुधारण्याची मुदत जानेवारी 2025मध्येच संपली होती. उरते ते कलम 139(8ए)चे अद्ययावत विवरणपत्र, आयटीआर-यू. त्यात कर आणि व्याजावर जादा कर द्यावा लागतो: करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पहिल्या 12 महिन्यांत 25 टक्के, 24 महिन्यांपर्यंत 50 टक्के, 2025च्या वित्त कायद्याने पुढे आणखी दोन वर्षे दिली, पण तिथे दर 60 आणि 70 टक्के. बाईंचे करनिर्धारण वर्ष 2024-25, ते 31 मार्च 2025ला संपले. त्यामुळे 31 मार्च 2026पर्यंत त्यांना 25 टक्क्यांचा दर होता.

हिशेब असा झाला. 45,230वर 20 टक्के कर 9,046, त्यावर 4 टक्के उपकर धरून 9,408. उद्योगधंद्याचे उत्पन्न नसलेल्या निवासी ज्येष्ठांना आगाऊ कर भरावा लागत नाही, म्हणून त्याच्या उशिराचे व्याज लागले नाही. जादा कर 25 टक्के म्हणजे 2,352. एकूण 11,760 रुपये. टीडीएसचे 3,593 त्यांनी आधीच घेतलेले असल्याने त्यातून पुन्हा काही वजा होत नाही. हीच रक्कम खात्याने पुढे स्वतः शोधून काढली असती, तर कर आणि व्याजाशिवाय उत्पन्न कमी दाखवल्याबद्दल कलम 270एखाली कराच्या 50 टक्के दंड लागू शकला असता, आणि चुकीची माहिती दिल्याचे ठरले असते तर 200 टक्के. नाकारण्याचे धाडस करण्याआधी हे आकडे शेजारी मांडून पाहावेत.

आधी चलनाने पैसे भरले, मग आयटीआर-यू दाखल केले, आणि त्यानंतर उत्तर. क्रम महत्त्वाचा, कारण उत्तरात ‘भरणार आहे’ यापेक्षा ‘भरले, पोचपावती जोडली’ असे लिहिता आले तर अधिकाऱ्याच्या हातात बंद करायला एक पूर्ण प्रकरण येते. उत्तर संकेतस्थळावरच्या अनुपालन विभागात, त्या नोटिशीसमोरच द्यायचे असते. बहुतेक जण ते इंग्रजीत लिहितात. बाईंच्या उत्तराचा मजकूर मराठीत असा होईल:

‘आपली नोटीस, डिन अमुक, आर्थिक वर्ष 2023-24. नोटिशीतील व्याज 2,11,380 रुपये. माझ्या विवरणपत्रातील व्याज 1,24,150 रुपये. फरक 87,230 रुपये. या फरकाचा तपशील पुढीलप्रमाणे.

1) सहकारी बँकेतील बचत खात्याचे व्याज 9,300 रुपये. हे माझे उत्पन्न असून विवरणपत्रात दाखवायचे राहिले. मान्य.

2) राष्ट्रीयीकृत बँकेतील मुदत ठेवीचे चालू वर्षात जमलेले व्याज 35,930 रुपये. या व्याजावरील 3,593 रुपये टीडीएसचा लाभ मी घेतला आहे. व्याज याच वर्षाच्या उत्पन्नात धरले आहे. मान्य.

3) सहकारी बँकेतील संयुक्त ठेवीचे व्याज 42,000 रुपये. ठेवीची रक्कम माझ्या आईची असून व्याज तिच्या खात्यात जमा होते व तिने ते आपल्या विवरणपत्रात दाखवले आहे. माझे उत्पन्न नाही. जोडपत्र 1 ते 4.

मान्य केलेल्या 45,230 रुपयांवर 11,760 रुपये भरून अद्ययावत विवरणपत्र दाखल केले आहे. चलन व पोचपावती जोडपत्र 5 व 6.’

यात एकही विशेषण नाही. वयाचा, आजारपणाचा, प्रामाणिकपणाचा उल्लेख नाही. अधिकारी बेरीज करून पाहणार आणि जोडपत्रे उघडणार. त्याला लागते ते सगळे यात आहे. जोडपत्रांना क्रमांक द्यावेत आणि पासबुकाच्या पानावर संबंधित नोंदीभोवती पेनने चौकट करावी. चाळीस पानी पासबुक जसेच्या तसे चढवले तर पाहिजे ती नोंद सापडत नाही आणि खुलासा अर्धवट समजला जाण्याची भीती असते.

याच्या जोडीला एआयएसमध्येही 42,000च्या ओळीवर प्रतिसाद नोंदवायचा. तिथे पर्यायांची यादी उघडते. बाईंसाठी योग्य पर्याय `Information relates to other PAN/Year`, आणि त्यात आईचा पॅन. `Information is denied` निवडायचे नाही. ठेव अस्तित्वात आहे, फक्त उत्पन्न दुसऱ्याचे आहे. बरेच जण हा प्रतिसाद दिला म्हणजे नोटिशीला उत्तर झाले असे समजतात. तसे नाही. दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळे द्यावे लागतात.

प्रतिसाद दिल्यावर तो बँकेकडे खात्रीसाठी जाऊ शकतो. मे 2024पासून बँकेने तो मान्य केला की फेटाळला, हेही एआयएसमध्ये दिसते. संयुक्त ठेवीच्या बाबतीत बँक बहुधा ‘आमची माहिती बरोबर आहे’ असेच कळवेल. तिने पहिल्या नावावर नोंद केली आणि तिच्या दृष्टीने ती बरोबरच आहे. त्यामुळे एआयएसमधला आकडा तसाच राहिला, तर उत्तर फेटाळले गेले असे समजून हातपाय गाळू नयेत. निर्णय होतो तो पैशाच्या वाटेच्या पुराव्यावर. चूक बँकेचीच असेल, म्हणजे दुसऱ्याचा पॅन लागला असेल किंवा व्याज दोनदा कळवले गेले असेल, तर मात्र शाखेला लेखी अर्ज देऊन माहिती दुरुस्त करून घ्यावी आणि अर्जाची पोच उत्तराला जोडावी.

नोटिशीत उत्तराची तारीख दिलेली असते. कागद जमायला वेळ लागत असेल तर तारीख उलटण्याआधी त्याच ठिकाणी मुदतवाढ मागावी. उत्तर दिलेच नाही, तर पडताळणीचा अहवाल हाती असलेल्या माहितीवरून तयार होतो आणि प्रकरण करनिर्धारण अधिकाऱ्याकडे जाऊ शकते. तिथून पुढची पायरी कलम 148एची नोटीस, म्हणजे जुने वर्ष पुन्हा उघडण्याची. फेरनिर्धारणाची कार्यवाही सुरू झाल्यावर 25 टक्क्यांची सोपी वाट बंद होते. 1 एप्रिल 2026पासून 2025चा नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण त्याआधीच्या वर्षांचे उत्पन्न 1961च्या कायद्यानेच तपासले जाते. जुन्या वर्षाची नोटीस आली, तर जुनीच कलमे पाहायची.

ज्यांच्या घरात आईवडिलांच्या पैशांच्या ठेवी मुलांच्या पहिल्या नावावर आहेत, त्यांनी पुढच्या वेळी ठेव नव्याने करताना नावांचा क्रम बदलून घ्यावा. ज्याचे पैसे त्याचे नाव पहिले, आणि सोयीसाठी हवे तर ‘कुणीही एक किंवा हयात असेल तो’ अशी सूचना द्यावी. मग सही करायला मुलगी गेली तरी चालते आणि व्याज आईच्याच पॅनवर जाते. चालू ठेवींसाठी त्या त्या बँकेचे 31 मार्चपर्यंतचे व्याजाचे प्रमाणपत्र एप्रिलमध्येच मागून ठेवा आणि विवरणपत्र भरण्याआधी एआयएसशी ओळीओळीने ताडून पाहा.